दुसऱ्या आठवड्याचा सिनेमा

चित्रपटाच्या चोरीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शंभर-दोनशे कोटींचा हिंदी किंवा तेलुगू सिनेमा येतो. मग 'त्यांना काय फरक पडतो' हे वाक्य आपोआप पाठोपाठ येतं. आकडेही तशाच थाटाचे असतात. ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या २०२४च्या अहवालाने २०२३ सालातली भारतातली चोरीच्या मनोरंजनाची उलाढाल २२,४०० कोटी रुपये धरली आणि निम्म्याहून थोडे अधिक प्रेक्षक कधी ना कधी चोरीचं पाहतात असं सांगितलं. एवढी मोठी रक्कम समोर आली की त्यात दीड कोटीचा मराठी सिनेमा दिसेनासा होतो. माझं म्हणणं त्याच सिनेमाबद्दल आहे. मोठ्या चित्रपटाची चोरी त्याच्या पैशांतून थोडी रक्कम काढून नेते. छोट्या चित्रपटाचे मात्र दिवस काढून घेते, आणि त्याच्याकडे दिवसांखेरीज दुसरं भांडवल नसतं.

आधी तिकिटाचा हिशेब पाहू. समजा, एका मराठी चित्रपटाला बनवायला दीड कोटी आणि प्रसिद्धी व प्रदर्शनाला पन्नास लाख लागले. मल्टिप्लेक्समधलं तिकीट करासह १५० रुपये धरू. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला की १२७ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहाचा, निम्मा चित्रपटाचा. म्हणजे साडेत्रेसष्ट रुपये. त्यातून वितरकाचं दहा टक्के कमिशन गेलं की निर्मात्याच्या हाती सुमारे ५७ रुपये येतात. दोन कोटी वसूल व्हायला या हिशेबाने साडेतीन लाख तिकिटं खपायला हवीत. हा हिशेब गृहीत आकड्यांवर मांडला आहे, पण या धंद्यातला कोणताही माणूस असाच कागद तुमच्यापुढे मांडेल.

शिवाय हा निम्मा वाटा टिकत नाही. २००९च्या संपानंतर निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात जो तोडगा निघाला, त्यात चित्रपटाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा उतरत जातो. हिंदी चित्रपटांसाठी ठरलेली ही उतरंड पुढे धंद्यात सगळीकडे मापदंड बनली. मोठ्या चित्रपटाला ती सोयीची आहे, कारण त्याची बहुतांश कमाई पहिल्या तीन-चार दिवसांत होऊन जाते. छोट्या चित्रपटाचं नेमकं उलटं असतं. शुक्रवारी त्याला कुणी ओळखत नाही. शनिवारी-रविवारी जे थोडे लोक येतात, ते घरी जाऊन बहिणीला, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगतात. ते ऐकून येणारा माणूस पुढच्या शनिवारी येणार असतो. हा चित्रपट दुसऱ्या आठवड्यावर जगतो.

पण दुसरा आठवडा मिळणार की नाही, हे सोमवार ते बुधवारदरम्यान ठरतं. कोणत्या पडद्यावर किती खुर्च्या भरल्या हे मल्टिप्लेक्सची प्रोग्रामिंग सांभाळणारी माणसं पाहतात आणि पुढच्या शुक्रवारचे शो लावतात. पुण्यात सहा शो होते ते दोनवर येतात, नाशिकमध्ये एकच उरतो आणि तोही सकाळी अकराचा, सांगली-सोलापूरमध्ये काहीच उरत नाही. सरकारने २०१५ साली दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठीला शो द्यायला सांगितलं होतं, पण रिकाम्या खुर्च्या दिसल्या की चित्रपटगृहवाल्याला त्या शोमध्ये दुसरा सिनेमा हवा असतो. आणि त्याच्या जागी बसून विचार केला तर त्याचंही चुकत नाही.

आता या वेळापत्रकात चोरी कुठे बसते ते पाहा. शुक्रवारी रात्रीच्या शोला कुणीतरी पडद्यावरून चित्रीकरण करतं. शनिवारी टेलिग्रामच्या एखाद्या चॅनेलवर फाइल येते, नावात `HQ PreDVD` असं काहीतरी लिहिलेलं आणि आकार ७०० एमबी. नावातली ही अक्षरं वाचली की फुटलं कुठून ते कळतं. `PreDVD` किंवा `CAM` म्हणजे चित्रपटगृहात कॅमेरा लावून केलेली प्रत. `WEB-DL` म्हणजे एखाद्या ओटीटीवरून उतरवलेली, आणि तीत आवाज-चित्र मूळ दर्जाचं असतं. कोपऱ्यात सेन्सॉरची खूण असेल तर ती प्रमाणपत्रासाठी दिलेल्या प्रतीतून निघालेली. २०१६ साली 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या आधीच बाहेर आला तेव्हा प्रतीवर तशी खूण होती. टेलिग्रामवरून ती फाइल कॉलेजच्या ग्रुपवर जाते, तिथून तालुक्याच्या मोबाइल दुकानात आणि दुकानातून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर. ज्या रविवारी तोंडी शिफारस सुरू व्हायची, त्याच रविवारी 'जाऊ नकोस, पाठवतो तुला' हेही सुरू होतं. सोमवारच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. बुधवारी शो कमी होतात. पुढच्या शनिवारी पैसे मोजायला तयार असलेला माणूसही येतो, तेव्हा त्याच्या गावात शोच नसतो.

निर्मात्याचं दुसरं नुकसान याच्या मागोमाग येतं आणि त्याची चर्चा फार कमी होते. काही वर्षांपूर्वी उपग्रह आणि ओटीटीचे हक्क प्रदर्शनाआधी विकले जात. आता खरेदीदार बहुधा चित्रपटगृहातली कमाई पाहून दर ठरवतात. त्यामुळे पहिल्या सोमवारी गमावलेल्या दोन हजार प्रेक्षकांची किंमत ५७ रुपयांनी गुणून कळत नाही. तीन महिन्यांनी हक्कांच्या वाटाघाटीच्या टेबलावर 'तुमचा सिनेमा चालला नाही' हे वाक्य पुढे येतं आणि सगळा सौदा खाली येतो. ज्या निर्मात्याने घर किंवा शेत गहाण ठेवून पैसे उभे केले आहेत, त्याचा दुसरा चित्रपट त्या टेबलावर संपतो. पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण न बनलेला चित्रपट कुणाला दिसत नसतो.

याला लगेच उत्तर येतं ते 'सैराट'चं. २०१६च्या एप्रिलअखेरीस तो प्रदर्शित झाला, काही दिवसांतच त्याच्या प्रती मोबाइलवर फिरू लागल्या, तरीही त्याने मराठीतले सगळे विक्रम मोडले. मग चोरीने काय बिघडलं? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर हवं. 'सैराट'ची गाणी आधीच घराघरांत पोहोचली होती, दिग्दर्शकाच्या 'फँड्री'ची ओळख होती, मागे झी स्टुडिओजसारखा वितरक होता. पहिल्या शुक्रवारीच खेळ हाऊसफुल होते. तिथे सोमवारचा प्रश्न उद्भवलाच नाही. ज्याला पहिल्या दिवशीच गर्दी मिळाली त्या चित्रपटावरून, ज्याला ती हळूहळू जमवायची आहे त्याच्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

याहून अवघड आक्षेप संशोधनातून येतो. अमेरिकेतल्या चित्रपटांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, प्रदर्शनाआधी फुटलेल्या चित्रपटाची कमाई, प्रदर्शनानंतर फुटलेल्याच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी घटते. हे माझ्या म्हणण्याला पूरक आहे. पण २०१२ साली मेगाअपलोड ही फाइल साठवणारी प्रचंड सेवा बंद पाडली गेली, त्यानंतर तीन युरोपीय संशोधकांनी तिकीटबारीचे आकडे तपासले. मोठ्या प्रमाणावर लागणाऱ्या चित्रपटांना त्या बंदीचा फायदा झाला, इतर चित्रपटांची कमाई मात्र उलट थोडी घटली. त्यांनी दिलेलं कारण विचार करण्यासारखं आहे: फुकट पाहणारा माणूस बोलतो, आणि ज्या चित्रपटाकडे जाहिरातीचे पैसे नाहीत त्याला ते बोलणं उपयोगी पडतं.

हा अभ्यास बाजूला सारून पुढे जाणं मला पटत नाही. पण तो फायदा मिळायला एक अट आहे. बोलणं ऐकून जो येणार, तो येईपर्यंत चित्रपट पडद्यावर असायला हवा. जिथे छोटा चित्रपट दोन महिने एका पडद्यावर टिकून राहतो, तिथे ही साखळी जुळते. आपल्याकडे सातव्या दिवशी शो उतरतात. चोरून पाहणाऱ्याचं कौतुक ज्याच्यापर्यंत पोहोचतं, त्याच्या हाती तिकीट नसतं, फक्त तीच लिंक असते. त्यामुळे त्या प्रसिद्धीचं पैशांत रूपांतर होत नाही. 'पाहिलंस का, काय सुंदर सिनेमा आहे' हे वाक्य निर्मात्याच्या कानावर येतं आणि त्याच दिवशी चित्रपट उतरलेला असतो. मराठीतल्या किती चांगल्या चित्रपटांना नंतर अशी दाद मिळाली आहे हे आपण सगळे जाणतो.

कायदा या पहिल्या आठवड्यात कुठे उभा आहे? कागदावर तो आता कडक आहे. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ (दुरुस्ती) कायद्याने चित्रपटगृहात परवानगीशिवाय ध्वनिचित्रण करणं आणि तशी प्रत दाखवणं हे स्वतंत्र गुन्हे ठरवले. शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड किमान तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्राने तर २००९ सालीच स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे एमपीडीएमध्ये, व्हिडिओ चोरांचा समावेश केला. डिजिटल प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण असते, तिच्यावरून चोरी कोणत्या पडद्यावर, कोणत्या वेळी झाली हेही शोधता येतं. मात्र ते शोधणं प्रत बाहेर पडल्यानंतरचं असतं.

नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने सेन्सॉर बोर्ड आणि पत्र सूचना कार्यालयात बारा अधिकारी नेमले. मूळ हक्कदाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तक्रार केली की ४८ तासांत लिंक बंद करण्याचा आदेश निघेल, अशी ती व्यवस्था आहे. न्यायालयात न जाता दाद मिळते, हे छोट्या निर्मात्यासाठी खरंच मोलाचं आहे आणि त्याने ते वापरावं. पण कॅलेंडर पुन्हा समोर धरा. शनिवारी फाइल आली, निर्मात्याला रविवारी कळलं, त्याने कागदपत्रं जमवून तक्रार केली, ४८ तास मोजले की मंगळवार उलटतो. शो कमी करायचा निर्णय तोवर बहुधा झालेला असतो. तोपर्यंत त्याच संकेतस्थळाच्या चार जुळ्या प्रती निघालेल्या असतात. मोठे स्टुडिओ यावर दिल्ली उच्च न्यायालयातून असे आदेश मिळवतात की जुळी संकेतस्थळं आपोआप यादीत येत राहतात. त्याला लागणारा वकील आणि रोजची पाळत दीड कोटीच्या चित्रपटाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

म्हणून मी प्रेक्षकाकडे वळतो. प्रेक्षकावर सगळा दोष टाकायला मी तयार नाही. चार जणांच्या कुटुंबाचं तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून हजार रुपये जातात हे खरं आहे. पण नवा चित्रपट कायदेशीरपणे फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत पाहण्याचे मार्ग लोकांना वाटतात त्याहून बरेच आहेत, फक्त ते त्या-त्या आठवड्यानुसार बदलतात.

पहिल्या आठवड्यात स्वस्त मार्ग चित्रपटगृहातच आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठवड्याच्या मधल्या दिवशी, बहुधा मंगळवारी, शंभराच्या आसपास तिकीट देतात. सकाळचे शो बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतात, आणि जिल्ह्याच्या गावातलं एकपडदा चित्रपटगृह बहुतेकदा त्याहून स्वस्त असतं. खिडकीवर जाऊन तिकीट काढलं की अॅपचं सुविधा शुल्क वाचतं. यात निर्मात्याचं किती जातं ते पाहा. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्केच जीएसटी आहे. करासह ९९ रुपयांच्या तिकिटातून कर जाऊन ९४ उरतात आणि त्यातला निम्मा वाटा ४७ रुपये होतो. १५० रुपयांच्या तिकिटातून हाच वाटा साडेत्रेसष्ट होता. तुमचे ५१ रुपये वाचतात, चित्रपटाच्या वाट्यातून सोळा-सतरा जातात, आणि मंगळवारची एक खुर्ची भरलेली दिसते. शो ठरवण्याच्या त्या दोन-तीन दिवसांत भरलेली खुर्ची निर्मात्याला सतरा रुपयांहून कितीतरी जास्त मोलाची असते. छोट्या चित्रपटाला मदत करायची इच्छा असेल तर मंगळवारी जा, हा माझा साधा आग्रह आहे.

चित्रपट उतरल्यानंतर थोडी वाट पाहावी लागते. हिंदीत ओटीटीआधी आठ आठवडे थांबायची पद्धत मल्टिप्लेक्सनी लावली आहे, मराठीत हे अंतर प्रत्येक चित्रपटागणिक वेगळं असतं. या काळात दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे भाड्याने पाहणं. प्राइम व्हिडिओ, यूट्यूब आणि बुकमायशो स्ट्रीम यांवर एकेक चित्रपट वेगळा घेता येतो, वर्गणी लागत नाही. सुरू केल्यावर साधारण ४८ तास तो चालतो, म्हणजे शनिवारी रात्री घेतला तर रविवारी आजी-आजोबांनाही दाखवता येतो. घरातले पाच जण मिळून पाहतात तेव्हा माणशी खर्च एका चहाच्या कपाइतका येतो. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं रिचार्ज. अनेक मोबाइल आणि ब्रॉडबँड योजनांत एखादं ओटीटी आधीच दिलेलं असतं आणि कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन ते सुरू करायचं राहून गेलेलं असतं. नवी वर्गणी घेण्याआधी ते उघडून पाहा.

एखादा चित्रपट नेमका कुठे आहे हे शोधायला जस्टवॉच हे संकेतस्थळ उपयोगी आहे. देश भारत निवडून नाव टाकलं की तो वर्गणीत आहे, भाड्याने आहे की जाहिरातींसह फुकट आहे, हे वेगवेगळं दाखवतं. मराठीतले काही छोटे मंच तिथे सुटतात, म्हणून अल्ट्रा झकास किंवा प्लॅनेट मराठीवर स्वतंत्र शोध घ्यावा.

पूर्ण फुकटचे मार्ग आणखी पुढे येतात. रविवारी दुपारी लागणारा वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर ही मराठी घरांची जुनी सवय आहे आणि झी टॉकीज किंवा प्रवाह पिक्चर बहुतेकांच्या केबल पॅकमध्ये असतंच. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं, सह्याद्री तिथे मिळते. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या इफ्फीत वेव्ह्ज हा मंच सुरू केला, त्यावर बरंच काही फुकट पाहता येतं. अॅमेझॉन एमएक्स प्लेयर जाहिरातींच्या बळावर चालतो. या जाहिरातींतून मिळणारा पैसा हक्कदाराकडे जातो, म्हणून तुम्ही काहीच न देता पाहिलं तरी निर्मात्याच्या बाजूला काहीतरी जमा होतं.

यूट्यूबवर मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण तिथे कायदेशीर आणि चोरीचं शेजारी-शेजारी असतं. चित्र आरशातल्यासारखं उलटं असेल, भोवती रुंद रंगीत चौकट असेल, आवाज किंचित चिरका किंवा जलद असेल तर समजावं की ती चोरी आहे. यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला चुकवण्यासाठी तसं केलेलं असतं. चॅनेलच्या नावावर टिचकी मारून आत जावं. निर्मिती संस्थेचा किंवा संगीत-चित्रपट कंपनीचा चॅनेल असेल तर तिथे टीझर, गाणी, मुलाखती यांची वर्षानुवर्षांची मांडणी दिसते. परवाच उघडलेल्या चॅनेलवर कालचा सिनेमा आला असेल तर तो मालकाने टाकलेला नसतो. आणि चोरीच्या संकेतस्थळांवर जे 'प्लेयर डाउनलोड करा' म्हणून येतं, ते मोबाइलमध्ये घेऊ नये. या संकेतस्थळांचा पैसा सट्ट्याच्या जाहिरातींतून आणि असल्या अॅपमधून येतो.

वेगळ्या प्रकारच्या चित्रपटांसाठी फिल्म सोसायट्या आणि महोत्सव आहेत. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' टोरंटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२३मध्ये दाखवला गेला आणि आपल्या चित्रपटगृहांत मार्च २०२५मध्ये लागला. असा दीड वर्षाचा काळ छोटे चित्रपट महोत्सवांतून फिरत काढतात. पुण्याचा पिफ, मुंबईत प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय यांच्याकडे एका आठवड्याच्या किंवा वर्षाच्या शुल्कात जेवढे चित्रपट पाहता येतात, तेवढे मल्टिप्लेक्समध्ये पाहायला कितीतरी पट खर्च येईल. परदेशातल्या मराठी माणसांसाठी महाराष्ट्र मंडळाने एखाद्या रविवारी लावलेला एकुलता एक खेळ हाच पहिला मार्ग असतो. तो खेळ कार्यकर्ते पदरचे पैसे आगाऊ भरून लावतात, आणि आदल्या आठवड्यात फुटलेली प्रत त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचं कारण ठरते.

एक मागणी निर्मात्यांकडेही आहे. ज्या तालुक्यात चित्रपटगृहच नाही, तिथल्या माणसाला आपण आज काय सांगतो? थांबा, पण किती ते माहीत नाही, कुठे येईल तेही माहीत नाही. ही अनिश्चितता चोरीला सर्वांत जास्त गिऱ्हाईक मिळवून देते. आमिर खानने 'सितारे जमीन पर' २० जून २०२५ला चित्रपटगृहांत आणला आणि १ ऑगस्टला यूट्यूबवर शंभर रुपयांत उघडला. तो मोठा निर्माता आहे, पण या पद्धतीची खरी गरज छोट्यांना आहे. सौदा ठरला नसेल तर ओटीटीची तारीख सांगता येत नाही हे मान्य, पण स्वतःच्या हाताने भाड्याने देण्याची तारीख ठरवता येते. पोस्टरवर प्रदर्शनाच्या तारखेखाली दुसरी ओळ छापता येईल: गावात लागला नाही तर अमुक तारखेपासून, अमुक मंचावर, अमुक रुपयांत. मल्टिप्लेक्सवाले कुरकुर करतील, पण ज्या तालुक्यात त्यांचा पडदा नाही तिथलं त्यांचं काहीच जात नाही. प्रदर्शनानंतर चार आठवड्यांची मुदत ठेवून हा प्रस्ताव चित्रपट महामंडळाच्या पुढच्या बैठकीत निर्मात्यांनी एकत्र मांडावा.